संदर्भसूची अ ते ज्ञ लावली की टिपा भलत्याच पुस्तकांखाली जातात : कारण आणि कायमचा उपाय

प्रबंधाच्या शेवटी जोडायच्या सटीप संदर्भसूचीची ही तक्रार माझ्याकडे दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मी प्रबंधांचं मुद्रितशोधन करते, सूच्याही लावून देते. तक्रारीचे शब्द जवळजवळ ठरलेले असतात : "मॅडम, यादी नीट होती. चार नवीन पुस्तकं घातली, वर्डमध्ये Sort केलं आणि सगळ्या टिपांचा काला झाला."

गेल्या वर्षी पंढरपूरच्या वारीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची सूची अशीच आली होती. तिच्या ६२ नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीत वर पुस्तकाचा तपशील आणि खाली त्याची टीप, म्हणजे थोडक्यात सारांश. तिच्याच यादीवर सगळं समजावून सांगते, कारण या प्रकारात जे जे बिघडू शकतं ते बहुतेक त्या एका फाईलमध्ये होतं.

आधी हे करा

Sort आत्ताच केलं असेल आणि फाईल अजून उघडी असेल, तर काहीही टाईप न करता Ctrl+Z दाबा. सेव्ह केलं असलं तरी चालतं, फक्त फाईल बंद केलेली नसावी. बंद केली असेल तर जुनी प्रत शोधा. बहुतेकांना ती मार्गदर्शकांना पाठवलेल्या ईमेलमध्ये सापडते. या मुलीला ४१ नोंदींची जुनी प्रत तशीच मिळाली. उरलेल्या २१ टिपा मात्र आम्ही दोघींनी दोन संध्याकाळी बसून, पुस्तकं चाळून, हाताने जुळवल्या. मोडलेली यादी तशीच ठेवून "नंतर बघू" म्हणून पुढच्या नोंदी घालू नका. आठवड्याने कुठली टीप कोणाची हे तुम्हालाही आठवणार नाही.

असं होतं कशामुळे

मोडलेली यादी जरा निरखून पाहिली तर कारण तिच्यातच दिसतं. या मुलीच्या यादीत 'प' अक्षराशी सलग एकोणीस टिपा गोळा झाल्या होत्या, कारण त्या सगळ्या "प्रस्तुत ग्रंथात" अशा सुरू होत होत्या. 'य'पाशी "या पुस्तकात"वाल्या होत्या आणि 'ल'पाशी "लेखकाने". पुस्तकांचे तपशील आपापल्या पहिल्या अक्षराप्रमाणे लागले होते.

म्हणजे वर्डने सांगितलेलं काम चोख केलं होतं. वर्डच्या दृष्टीने नोंद नावाची काही गोष्टच नसते, असतो तो फक्त परिच्छेद. तुम्ही एंटर दाबला की परिच्छेद संपतो. तपशील लिहून एंटर, टीप लिहून एंटर, म्हणजे ६२ नोंदींचे निदान १२४ सुटे परिच्छेद झाले आणि Sort ने त्या सगळ्या परिच्छेदांना अक्षरक्रमाने उभं केलं. वरचा परिच्छेद आणि खालचा परिच्छेद एकमेकांचे आहेत हे आपल्याला मांडणीवरून, समासावरून कळतं. फाईलमध्ये ते कुठेही लिहिलेलं नसतं. Ctrl+Shift+8 दाबून ¶ ही खूण दिसू द्या, मग हे डोळ्यांनी दिसेल. जिथे जिथे ¶ आहे, तिथे तिथे वर्ड कात्री चालवतो.

काही जणांना यावर एक युक्ती माहीत असते. तपशील आणि टीप यांच्यामध्ये एंटरऐवजी Shift+Enter द्यायचं. त्याने ओळ तुटते पण परिच्छेद एकच राहतो, त्यामुळे Sort केल्यावर जोडी फुटत नाही. घाईच्या वेळी चालेल. पण मग तपशिलाची मांडणी आणि टिपेची मांडणी वेगळी ठेवता येत नाही, कारण दोघांचा परिच्छेद एकच. टिपेला वेगळा समास हवा म्हणून लोक स्पेस देत बसतात आणि दुसऱ्या रोगाला सुरुवात होते. मी ही युक्ती सुचवत नाही.

माझा उपाय एकच आहे : मूळ यादी तक्त्यात ठेवायची. एका पुस्तकाला एक ओळ. तपशील एका रकान्यात, टीप शेजारच्या रकान्यात. तक्त्याची ओळ Sort मध्ये अख्खी हलते, त्यामुळे टीप तपशिलाला सोडून जाऊच शकत नाही. प्रबंधात लावायची वेळ आली की त्या तक्त्याची प्रत काढून तिचा साधा मजकूर करायचा.

आहे ती यादी तक्त्यात कशी आणायची

यादी अजून मोडलेली नसेल, किंवा हाताने दुरुस्त केलेली असेल, तर पुन्हा टाईप करायची गरज नाही. फाईलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा.

आधी रिकाम्या ओळी काढा. बहुतेक याद्यांमध्ये दोन नोंदींच्या मध्ये मोकळा एंटर असतो आणि तोही परिच्छेदच असतो. Ctrl+H उघडून वरच्या चौकटीत पहिली आणि खालच्या चौकटीत दुसरी ओळ टाका :

```
^p^p
^p
```

Replace All एकदा करून थांबू नका. "0 replacements" येईपर्यंत करत राहा, कारण तीन-चार एंटर एकाखाली एक असतील तर एका फेरीत ते संपत नाहीत. कधी कधी अगदी शेवटचा एखादा हटत नाही आणि आकडा शून्यावर येतच नाही, तो हाताने काढा. आणखी एक : रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत एखादी स्पेस असेल तर ती या जाळ्यात सापडत नाही. ¶ च्या आधी बारीक ठिपका दिसतो, तीच ती.

आता पूर्ण यादी निवडा, Insert → Table → Convert Text to Table. आधी Separate text at मध्ये Paragraphs निवडा आणि मग रकान्यांच्या संख्येत 2 लिहा. वर्ड पहिला परिच्छेद डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा पुढच्या ओळीत डावीकडे, असे भरत जातो.

OK दाबण्याआधी त्याच खिडकीत ओळींची संख्या पाहा. या मुलीच्या ६२ नोंदी होत्या, म्हणजे तिथे ६२ यायला हवे होते. आले ६४. एकूण परिच्छेद १२४ ऐवजी १२७ निघाले, कारण तिने तीन टिपा दोन-दोन परिच्छेदांत लिहिल्या होत्या. अशा वेळी OK दाबलं तर पहिल्या दोन परिच्छेदी टिपेपाशी गाडी रुळावरून उतरते. टिपेचा उरलेला भाग डावीकडे येतो, पुढचा तपशील उजवीकडे जातो आणि तिथून खाली सगळं उलटं होतं. ते तीन जास्तीचे एंटर शोधून त्या टिपा एकसंध केल्या आणि मग आकडा ६२ झाला.

आकडा बरोबर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. एका पुस्तकाला टीपच लिहिलेली नाही आणि दुसऱ्या एकाची टीप दोन परिच्छेदांची, असं असेल तर बेरीज जुळते आणि मधला पट्टा मात्र उलटा लागतो. म्हणून तक्ता झाल्यावर उजव्या रकान्यावरून एकदा वरून खाली नजर फिरवा. तिथे कुठे "आडनाव, नाव" दिसलं तर त्याच्या वर गडबड आहे. ज्यांची टीप लिहायची बाकी आहे त्यांच्याखाली "टीप बाकी" एवढे दोन शब्द आधीच घालून ठेवले तर हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय नंतर शोधायलाही सोपं जातं.

क्रमासाठी वेगळा रकाना

जोडी सुटणं थांबलं, तरी यादी अजून "बरोबर" लागत नाही. याचं कारण तपशिलाच्या रकान्यावरूनच Sort करणं हे आहे. छापायचा तपशील वाचकासाठी असतो. त्यात डॉ. असतं, संत असतं, कुठे पूर्ण नाव असतं, कुठे आद्याक्षरं, कुठे रोमन लिपी. यंत्र मात्र पहिल्या अक्षरापासून मोजतं.

या यादीत रा. चिं. ढेरे तीन ठिकाणी होते. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा १९८४चा ग्रंथ 'ढेरे, रामचंद्र चिंतामण' या नावाखाली 'ढ'मध्ये होता. त्यांचा एक लेख तिने 'डॉ. रा. चिं. ढेरे' असा लिहिला होता, तो 'ड'मध्ये. आणि त्याच ग्रंथाचा ॲन फेल्डहाउस यांनी केलेला, २०११ साली आलेला इंग्रजी अनुवाद रोमन लिपीत होता, तो यादीच्या अगदी वर, सगळ्या मराठी नावांच्या आधी. तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे सूची वाचणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता.

म्हणून तक्त्यात डावीकडे तिसरा रकाना वाढवा. मी त्याला क्रमखूण म्हणते. हा रकाना छापायचा नसतो, त्यामुळे तो कसाही दिसला तरी चालतो, फक्त काटेकोर हवा. त्यात सुरुवातीला एक आकडा, मग आडनाव, नाव आणि इसवी सन, एवढंच, नावं देवनागरीत, स्वल्पविराम किंवा पदवी न लावता. त्या यादीतल्या काही ओळी अशा झाल्या :

```
1 कर्वे इरावती 1962
1 ढेरे रामचंद्र 1984
1 ढेरे रामचंद्र 2011
1 तुळपुळे शंकर 1963
1 देल्यूरी 1960
1 मोकाशी दिगंबर 1964
3 ज्ञानेश्वर
```

इरावतीबाईंचा १९६२चा वारीवरचा लेख इंग्रजीत आहे आणि देल्यूरींचा विठोबाविषयीचा १९६०चा ग्रंथही इंग्रजीत आहे. छापील तपशिलात ती नावं रोमनमध्येच राहिली. क्रमखुणेत देवनागरीत आल्यामुळे ती आपापल्या जागी बसली. तुमच्या विद्यापीठाला मराठी आणि इंग्रजी साधनं वेगळ्या विभागांत हवी असतील तर इंग्रजीच्या खुणेला सुरुवातीचा आकडा ५ द्या, सगळी आपोआप खाली जातील.

सुरुवातीचा आकडा कशासाठी, हा प्रश्न येतोच. तो क्ष आणि ज्ञ यांच्यासाठी आहे. आपण शाळेत वर्णमाला म्हणताना ही दोन अक्षरं शेवटी म्हणतो. संगणकात मात्र क्ष हे स्वतंत्र अक्षर नाहीच. तिथे क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं ओळीने असतात. त्यामुळे नुसत्या चिन्हक्रमाने लावलं तर क्षीरसागर 'क'च्या शेवटी, ख च्या आधी येतात आणि ज्ञानेश्वर 'ज'च्या शेवटी. काही मार्गदर्शकांना तसंच हवं असतं, काहींना शेवटी हवं असतं. दोन्ही पद्धती सूच्यांमध्ये आढळतात, पण एका सूचीत एकच हवी. शेवटी हवं असेल तर बाकी सगळ्यांना १, क्ष ला २, ज्ञ ला ३. 'क'मध्येच हवं असेल तर सगळ्यांना १. खुणेतले आकडे मात्र सगळीकडे एकाच लिपीतले ठेवा, निम्मे देवनागरी आणि निम्मे रोमन झाले तर तिथेही दोन याद्या पडतात.

ळ ची गोष्ट वेगळी. त्याने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे तो आडनावाच्या पोटात त्रास देतो आणि सहज लक्षात येत नाही. तुमचा प्रोग्रॅम ळ कुठे धरतो हे पाहायला रिकाम्या पानावर ही चार आडनावं एकाखाली एक लिहून Sort करा :

```
कासार
काळे
कालेलकर
काशीकर
```

उत्तर "कालेलकर, काळे, काशीकर, कासार" आलं तर ळ हा ल च्या लगेच मागे धरला जातो आहे. "कालेलकर, काशीकर, कासार, काळे" आलं तर तो वर्णमालेप्रमाणे ह च्या मागे आहे. प्रोग्रॅम बदलला, किंवा वर्डच्या Sort खिडकीत Options मधली Sorting language बदलली, की उत्तर बदलू शकतं. म्हणून घरच्या संगणकावर लावलेली यादी ग्रंथालयातल्या संगणकावर पुन्हा लावू नका. लावायची असेल तर आधी ही चार आडनावं तिथे लावून बघा. मी स्वतः ळ जिथे पडेल तिथे पडू देते, फक्त शेवटची छपाई एकाच यंत्रावर करते.

संतांना आडनाव नसतं, तेव्हा खुणेत नुसतं नाव : तुकाराम, नामदेव, ज्ञानेश्वर. 'संत' हा शब्द खुणेत आला की सगळे संत 'स'मध्ये जमतात. त्या यादीत सात संत तिथेच होते.

आणि शके. जुन्या मराठी पुस्तकांवर बरेचदा शक असतो, इसवी सन नसतो. खुणेत तो इसवी सनातच लिहा. शकात ७८ मिळवायचे, प्रकाशन जानेवारी ते चैत्रापूर्वीचं असेल तर ७९. शके १८८४ चं पुस्तक म्हणजे १९६२चं. छापील तपशिलात तुम्ही शक ठेवू शकता, पण खुणेत "1884" राहिलं तर एकाच लेखकाचं उशिराचं पुस्तक सगळ्यात आधी येतं.

दिसायला सारखं, पण सारखं नसलेलं

खुणा लावल्या, Sort केलं, तरी फेल्डहाउस यांची दोन पुस्तकं उलटीच येत होती. २००३चं आधी, १९९५चं मागून. खूण दोन्हीकडे तीच दिसत होती. अर्धा तास मी त्या दोन ओळी पडद्यावर मोठ्या करून बघत बसले होते.

फरक 'ॲन'मध्ये होता. हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक म्हणजे ॲ हे एकसंध चिन्ह, त्याचा क्रमांक U+0972. दुसरं म्हणजे अ आणि त्याच्यावर वेगळा चंद्र, U+0905 आणि U+0945. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब दिसतात. यंत्राला मात्र ती दोन नावं वाटतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. अक्षराच्या लगेच मागे कर्सर ठेवून एकदाच Backspace दाबा. फक्त चंद्र पुसला जाऊन अ उरला तर ते जोडून लिहिलेलं, सगळंच गेलं तर एकसंध. मोबाईलवर एक नोंद टाईप केली आणि लॅपटॉपवर दुसरी, की हे हमखास होतं. Find and Replace ने एक प्रकार दुसऱ्यात बदलून घ्या. ॲड., ॲन, ॲकॅडमी असे शब्द जिथे आहेत तिथे हे आधीच करून ठेवलेलं बरं.

याहून मोठं, पण लगेच कळणारं दुखणं म्हणजे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर. डीटीपीवाल्यांकडून आलेल्या फाईलमध्ये तो असतो. त्या ओळी निवडून फॉन्ट मंगल करून बघा. अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर तो मजकूर आतून मराठी नाहीच आणि कुठल्याही Sort ला तो लावता येणार नाही. तेवढ्या नोंदी युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा पुन्हा टाईप करा. पाच-दहाच असतील तर टाईप करणंच लवकर होतं, कारण रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात आणि ती तपासण्यात वेळ जातो.

मांडणी एकसारखी : रकाना निवडा, स्टाईल लावा

तक्त्याचा दुसरा फायदा इथे कळतो. तपशिलाच्या रकान्याच्या वर माऊस नेला की काळा खालचा बाण येतो, त्यावर टिचकी मारली की अख्खा रकाना निवडला जातो. त्याला एक स्टाईल द्या. टिपांच्या रकान्याला दुसरी. माझ्या फाईलमध्ये त्यांची नावं 'संदर्भ' आणि 'टीप' अशीच आहेत.

'संदर्भ'ला Hanging १.२७ सेंटिमीटर, म्हणजे पहिली ओळ समासाला आणि पुढच्या ओळी आत. त्यालाच Keep with next ची खूण करा, म्हणजे पानाच्या तळाशी तपशील आणि पुढच्या पानावर टीप, असं होत नाही. 'टीप' स्टाईलला अख्ख्या परिच्छेदाचा डावा समास. एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे तो १.२७ सेंटिमीटर, एमएलए या शैलीप्रमाणे नोंदीच्या सुरुवातीपासून एक इंच, म्हणजे २.५४. तुमच्या विद्यापीठाची नियमावली यापैकी काय मागते ते आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी सटीप सूचीबद्दल नियमावलीत काहीच नसतं, तेव्हा मार्गदर्शकांकडून एक पद्धत लेखी ठरवून घ्या.

मराठी मजकुराचा आकार काही केल्या सारखा होत नाही, ही तक्रार फार येते. आकार १२ निवडला तरी देवनागरी ११च राहते, शेजारचं इंग्रजी मात्र बदलतं. वर्ड देवनागरीला वेगळ्या खात्यात ठेवतो. स्टाईलच्या Modify → Format → Font मध्ये गेलात तर Complex scripts नावाचा वेगळा भाग दिसेल. तिथला फॉन्ट आणि आकार हाच मराठीला लागू होतो. वरचा भाग रोमन लिपीसाठी. दोन्ही भागांत आकडे भरा.

वेगवेगळ्या ठिकाणांहून चिकटवलेल्या टिपांना मूळचं रूप चिकटून येतं आणि स्टाईल दिली तरी काही ओळी वेगळ्या राहतात. टिपांचा रकाना निवडून Ctrl+Q दाबलं की परिच्छेदाची वरून दिलेली मांडणी जाते आणि Ctrl+Space ने अक्षरांची. तपशिलाच्या रकान्यावर मात्र Ctrl+Space वापरू नका. त्याने पुस्तकांच्या नावांचा तिरपा किंवा ठळक ठसाही पुसला जाईल आणि ६२ नावं पुन्हा हाताने करावी लागतील.

टिपांचा साचा

यंत्राने करण्यासारखं इथे संपतं. टिपा वाचताना ज्या वेगवेगळ्या वाटतात त्याचं कारण मात्र लिहिण्यातच असतं. त्या यादीत एक टीप दोन ओळींची होती आणि एक दीड पानाची. पहिल्या दहा तिने पुस्तकं वाचून झाल्यावर उत्साहाने लिहिल्या होत्या, शेवटच्या वीस आदल्या रात्री.

मी तीन वाक्यांचा साचा देते. पहिल्यात लेखकाचं म्हणणं, दुसऱ्यात ते कशाच्या आधारावर आहे, तिसऱ्यात आपल्या प्रबंधाला त्याचा कुठे उपयोग. जास्तीत जास्त ऐंशी शब्द. "प्रस्तुत ग्रंथात" ही सुरुवात पूर्ण बंद. वरच तपशील आहे, ग्रंथ प्रस्तुत आहे हे वाचणाऱ्याला दिसतंच आहे. तिची ढेरे यांच्या ग्रंथावरची मूळ टीप अशी होती :

> प्रस्तुत ग्रंथात लेखकाने श्रीविठ्ठलाविषयी सखोल व अभ्यासपूर्ण विवेचन केले असून हा ग्रंथ अत्यंत मौलिक आहे. अभ्यासकांना तो उपयुक्त ठरतो.

यातलं एकही वाक्य असं नाही की जे दुसऱ्या ग्रंथाखाली खपणार नाही. यादी मोडली तेव्हा याच प्रकारच्या टिपा जुळवायला सगळ्यात अवघड गेल्या, कारण टीप वाचून पुस्तक ओळखता येत नव्हतं. साच्यात घातल्यावर ती अशी झाली :

> विठ्ठल हा मुळात पशुपालक समाजांचा देव असून पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, अशी मांडणी. संस्कृत माहात्म्ये, संतांचे अभंग, शिलालेख आणि लोककथा हे सगळे पुरावे एकमेकांशी ताडून पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकरणात वारीच्या वाटेवरील धनगर समाजाच्या सहभागाची चर्चा करताना आधार म्हणून घेतले.

आता ही टीप चुकून 'मोकाशी' यांच्या नावाखाली गेली असती तरी कोणालाही लगेच कळलं असतं. टीप जोखायला मी हीच कसोटी लावते : वरचा तपशील हाताने झाकायचा आणि टिपेवरून पुस्तक ओळखू येतं का ते बघायचं.

क्रियापदांचा काळही एकच ठेवा. निम्म्या टिपांत "मांडणी केली आहे" आणि निम्म्यांत "मांडणी करतात" असं असलं की सूची दोघांनी मिळून केल्यासारखी वाटते.

छापील प्रत काढताना

तक्त्याची फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा. माझ्याकडे दोन फाईली असतात, 'सूची-मूळ' आणि 'सूची-छापील'. छापील प्रतीत आधी Table Layout → Sort, क्रमखुणेच्या रकान्यावरून, Type मध्ये Text. वर शीर्षकाची ओळ असेल तर Header row निवडायला विसरू नका, नाहीतर शीर्षक यादीत मिसळतं. मग क्रमखुणेचा रकाना आणि शीर्षकाची ओळ पुसा. शेवटी Convert to Text, Paragraph marks. स्टाईल तशाच राहतात आणि तपशील-टीप, तपशील-टीप अशी यादी उभी राहते. लिब्रेऑफिसमध्येही तक्ता Sort करून मजकुरात बदलता येतो, मेनूतली नावं तेवढी वेगळी आहेत.

यापुढे छापील प्रतीत काहीही दुरुस्त करायचं नाही. एखादी शुद्धलेखनाची चूक दिसली तरी मूळ तक्त्यात दुरुस्त करून प्रत पुन्हा काढायची. सगळ्यांचा पाय इथेच घसरतो. छापील प्रतीत तीन टिपा सुधारल्या, मग नवीन पुस्तक आलं म्हणून तक्त्यातून पुन्हा प्रत काढली, की त्या तीन सुधारणा गेल्या.

झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम वापरणारे विचारतात की हे सगळं त्यात आपोआप होत नाही का. क्रम लावणं होतं. पण पुस्तकाला जोडलेली नोट नेहमीच्या शैलीच्या सूचीत छापून येत नाही. त्यासाठी सटीप सूचीची शैली निवडावी लागते. ती शैली टीप नेमकी कुठल्या चौकटीतून उचलते हे शैलीगणिक बदलतं, कोणी Extra मधून घेते, कोणी Abstract मधून. साठ टिपा भरण्याआधी एका पुस्तकावर करून बघा. आणि मराठी-इंग्रजी नावं एका क्रमात हवी असतील तर तिथेही शेवटी हात लावावा लागतोच.

त्या मुलीच्या मार्गदर्शकांनी तोंडी परीक्षेच्या आठ दिवस आधी पाच पुस्तकं वाढवायला सांगितली. तिने तक्त्याच्या तळाशी पाच ओळी घातल्या, खुणा लिहिल्या, Sort केलं आणि नवी प्रत मला दाखवायला पाठवली. ६७ नोंदी होत्या. चौथ्या पुस्तकाखाली अजून "टीप बाकी" लिहिलेलं होतं, तेवढं तिला कळवलं.